हवालदाराच्या बायोडेटातील वरच्या पाच ओळी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मी बार्शी तालुक्यातील असून मराठा लाईट इन्फंट्रीतून 24 वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची 4 वर्षे कंपनीचा सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. हाताखाली दोन स्टोअरमन होते आणि साधारण साडेतीनशे प्रकारचे सामान लेजरवर होते. चार्ज देताना एकही वस्तू कमी निघाली नाही. सोलापूरच्या एमआयडीसीत आणि पुण्याकडच्या गोडाऊनमध्ये अर्ज केले, पण फोन येतात ते फक्त सिक्युरिटी गार्डसाठी. मुलाने बायोडेटाच्या वर हा मजकूर लिहिला आहे: “24 वर्षे भारतीय सैन्यात गौरवशाली सेवा केलेला, शिस्तप्रिय, प्रामाणिक, मेहनती व कोणत्याही परिस्थितीत काम करण्यास तयार असलेला माजी सैनिक. हवालदार, सीक्यूएमएच. कोत, रेशन, क्लोदिंग, बोर्ड व ऑडिटचा अनुभव. कोणतीही योग्य जबाबदारी स्वीकारण्यास तयार.” यात काय चुकते आहे, ते सांगावे.

– एक माजी सैनिक, बार्शी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलाने लिहिलेल्या मजकुरात एकही गोष्ट खोटी नाही, पण तो वाचणाऱ्या माणसाला त्यातून एकच नोकरी सुचते, आणि ती सिक्युरिटीची आहे. याला कारणही आहे. खाजगी सुरक्षा संस्थांसाठीच्या 2005 च्या कायद्यातच माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे, त्यामुळे ‘माजी सैनिक’ आणि ‘शिस्तप्रिय’ हे शब्द पहिल्या ओळीत दिसले की भरती करणाऱ्याचा हात आपोआप त्या रकान्याकडे जातो. पुढे ‘सीक्यूएमएच’ आणि ‘कोत’ हे शब्द येतात, ते त्याला कळत नाहीत, आणि शेवटी ‘कोणतीही योग्य जबाबदारी’ असे वाचल्यावर आपला पहिला अंदाज बरोबर होता असे त्याला वाटते. साडेतीनशे प्रकारच्या वस्तूंचा हिशोब चार वर्षे चोख ठेवणारा माणूस आपल्या हातातून गेला, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

आधी हुद्द्याबद्दल बोलू, कारण आपल्या भागात तो दोन प्रकारे चुकीचा वाचला जातो. महाराष्ट्रात ‘हवालदार’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस चौकीतला हवालदार उभा राहतो, आणि कंपनीच्या एचआर विभागात बसलेली पंचविशीतली मुलगी त्याला अपवाद नसते. दुसरी चूक उलट दिशेची आहे. सोलापूर, सातारा, सांगलीकडच्या गावांत निवृत्त फौजीला प्रेमाने ‘मेजर’ म्हणतात आणि सैन्यात ‘कंपनी हवालदार मेजर’ म्हणजे सीएचएम अशी नेमणूकही असते, त्यामुळे काही बायोडेटांत ‘मेजर’ हा शब्द नकळत शिरतो. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. कागदपत्रांच्या पडताळणीत डिस्चार्ज बुकवर ‘हवालदार’ आणि बायोडेटात ‘मेजर’ दिसले, तर तुमचा हेतू कितीही साधा असला तरी तुम्ही हुद्दा फुगवला असाच त्याचा अर्थ लावला जाईल. म्हणून हुद्दा जसा आहे तसाच, ‘हवालदार, भारतीय सैन्य, सेवानिवृत्त’ असा, खाली अनुभवाच्या भागात एकदा लिहावा. वरच्या सारांशात हुद्द्याऐवजी त्या हुद्द्यावर तुम्ही काय सांभाळत होता ते लिहावे.

सैन्यातील अमुक हुद्दा म्हणजे कॉर्पोरेटमधील तमुक पद, असे कोष्टक करून देणारे अनेक जण भेटतील. कोणी हवालदाराला सुपरवायझर म्हणेल, कोणी सुभेदाराला सरळ मॅनेजर करील. अशा कोष्टकावर माझा विश्वास नाही आणि तुम्हीही ठेवू नये, कारण कंपनीत पद ठरते ते चार गोष्टींवरून: हाताखाली किती माणसे होती, ताब्यात काय आणि किती होते, कोणता निर्णय स्वतःच्या सहीने घेता येत होता, आणि चूक झाली तर जाब कोणाला द्यावा लागत होता. या चार प्रश्नांची उत्तरे एकाच हुद्द्याच्या दोन हवालदारांची पूर्णपणे वेगळी असू शकतात. तुमच्याच बाबतीत पाहा. सेक्शन कमांडर म्हणून तुम्ही सुमारे दहा जणांची तुकडी चालवली असेल, प्लाटून हवालदार म्हणून तीसेक जणांच्या रोजच्या कामाची आणि प्रशिक्षणाची आखणी केली असेल, आणि सीक्यूएमएच म्हणून हाताखाली दोनच माणसे असली तरी शंभराहून अधिक जणांच्या अंगावरच्या कपड्यांपासून ताटातल्या शिध्यापर्यंतचा हिशोब तुमच्याकडे होता. तिन्ही वेळा दंडावरच्या फिती जवळपास त्याच होत्या, कामे मात्र तीन वेगळी होती. तुम्हाला स्टोअरचे काम हवे आहे, तर शेवटचे काम पहिल्या ओळीत आले पाहिजे आणि पहिली दोन त्याच्या मागे, एका वाक्यात आली पाहिजेत.

आता त्या चार वर्षांतील कामे एकेक करून पाहू. तुम्ही ज्याला इंडेंट म्हणता त्याला कारखान्यातही इंडेंटच म्हणतात. लेजर, व्हाउचर, इश्यू हे शब्दही तिकडे तसेच चालतात, ते बदलायचे कारण नाही. बदलायचे ते शब्द वेगळे आहेत. सामान आल्यावर मोजून, तपासून तुम्ही जे रिसीट व्हाउचर करत होता, त्या टप्प्याला कारखान्यात ‘जीआरएन’ म्हणतात, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. पुरवठादाराच्या चलनाशी प्रत्यक्ष माल जुळवणे हे काम दोन्हीकडे सारखेच आहे. एक्स्पेंडेबल सामान म्हणजे तिकडचे कंझ्युमेबल, वापरून संपणारे. नॉन-एक्स्पेंडेबल सामान म्हणजे वर्षानुवर्षे वहीवर राहणारी मालमत्ता, ज्यांना ते ॲसेट म्हणतात. निकामी सामानाचा बोर्ड, म्हणजे तपासणी समिती, बसवून ते वहीवरून उतरवणे म्हणजे स्क्रॅप ठरवून त्याची विल्हेवाट लावण्याची प्रक्रिया, आणि कारखान्यात त्यात गैरव्यवहाराला वाव असल्याने त्या अनुभवाला चांगली किंमत आहे. लोकल ऑडिटची पार्टी आली की लेजर, व्हाउचर आणि प्रत्यक्ष साठा तिच्यासमोर जुळवून दाखवणे, याला सरळ ‘लेखापरीक्षणासाठी तयारी व पूर्तता’ असे लिहावे.

कोतबद्दल, म्हणजे शस्त्रागाराबद्दल, थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे दोन्ही बाजूंनी चूक होते. काही जण शस्त्रागाराचा उल्लेख अभिमानाने करतात आणि संख्या, प्रकार, ठिकाण सगळे लिहून टाकतात, तर काही जण भीतीने तो अनुभव पूर्णच वगळतात. शस्त्रांचे प्रकार, संख्या, दारूगोळा, युनिटची जागा, तैनातीचा काळ आणि मोहिमेचे नाव यांपैकी काहीही बायोडेटात येता कामा नये. 1923 चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही तुम्हाला लागू आहे आणि नोकरीच्या संकेतस्थळावर टाकलेला कागद कोण कोण वाचतो हे आपल्या हातात नसते. पण कोतमध्ये काम करण्याची जी पद्धत होती ती गुपित नाही: रोज ठरलेल्या वेळी मोजणी, सहीशिवाय एकही वस्तू बाहेर न जाणे, परत आलेली वस्तू तपासूनच आत घेणे आणि किल्ल्यांचा स्वतंत्र हिशोब. हे सर्व एका वाक्यात मावते: “उच्च जोखमीच्या, नियंत्रित वस्तूंची रोजची मोजणी व स्वाक्षरीने देवघेव.” महागडे सुटे भाग किंवा रसायने सांभाळणाऱ्या कारखान्याला यातून जे कळायचे ते कळते. माणसांची संख्याही मी याच कारणासाठी ‘शंभराहून अधिक’ अशी गोळाबेरीज करून लिहावी असे सुचवते.

एका जागी मात्र तुमची अडचण होईल आणि तिथे काहीही रचून लिहू नका. कंपन्यांना साठ्याची किंमत रुपयांत ऐकायची सवय असते: ‘अमुक कोटींचे स्टोअर सांभाळले’ असे. तुमच्या पातळीवरचे लेजर नगांत चालते, रुपयांत नाही. कांबळी किती, बूट किती जोड, पलंग किती, एवढेच तुम्ही मांडत होता. म्हणून किंमत लिहूच नये. वस्तूंचे प्रकार, लाभ घेणाऱ्यांची संख्या आणि मोजणीची वारंवारता, हे तीन आकडे तुमच्याकडे खरे आहेत आणि ते पुरेसे आहेत. मुलाखतीत कोणी किंमत विचारलीच, तर ‘आमच्या पातळीवर हिशोब संख्येचा होता, किमतीचा नव्हता’ हे उत्तर स्वच्छ आहे. ज्याला स्टोअर कळते तो माणूस त्या उत्तरावर नाराज होत नाही.

याच प्रामाणिकपणाने शिक्षणाची ओळही लिहावी. पंधरा वर्षांहून अधिक सेवा आणि सैन्याचे शैक्षणिक प्रमाणपत्र असलेल्या, दहावी उत्तीर्ण माजी सैनिकांना केंद्र सरकारच्या काही गट-क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र मानतात. हे मोठे सहाय्य आहे, पण ते सरकारी पदांपुरते आहे. खाजगी कंपनी त्याला विद्यापीठाची पदवी समजत नाही. सारांशात ‘पदवीधर’ असे लिहिले आणि नंतर गुणपत्रिका मागितली गेली, तर बाकी सगळ्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. जे शिक्षण झाले आहे ते नेमके लिहावे, समकक्षतेचे प्रमाणपत्र खाली कागदपत्रांच्या यादीत असू द्यावे.

आता सोलापूरच्या दृष्टीने पाहू. तुम्ही एमआयडीसीत अर्ज करत आहात, म्हणजे चादरी, टॉवेल आणि तयार कपड्यांचे कारखाने तुमच्या यादीत असतीलच. टॉवेलच्या कारखान्यातील स्टोअरमध्ये सूत, रंग आणि रसायने, यंत्रमागांचे सुटे भाग, पॅकिंगचे साहित्य आणि निर्यातीसाठी बांधलेला तयार माल, असे पाच वेगळे संसार असतात. त्यांतल्या सुताकडे बारकाईने पाहा. एका लॉटच्या सुताच्या पोत्यांत दुसऱ्या लॉटची पोती मिसळून विभागाला दिली, तर मागावर काही कळत नाही, पण कापड रंगवून आल्यावर त्यावर फिकट-गडद पट्टे दिसतात आणि सगळा माल दुय्यम ठरतो. म्हणून तिथला चांगला स्टोअर सुपरवायझर पोत्यावरचा लॉट क्रमांक पाहिल्याशिवाय माल सोडत नाही आणि आधी आलेला लॉट आधी संपवतो. तुम्ही शिध्याच्या बाबतीत हेच करत होता: पीठ, डाळ, डबाबंद माल तारीख पाहून, जुना आधी आणि नवा मागे. हा दुवा वाचणाऱ्याला स्वतःहून जोडता येणार नाही, तो तुम्ही सारांशात जोडून द्यायचा आहे. ‘रेशनचा अनुभव’ हे शब्द वाचून त्याला मेस आठवते. ‘मुदत व लॉटनुसार, जुना माल आधी, या पद्धतीने साठा वाटप’ हे वाचून त्याला आपले सुताचे गोडाऊन आठवेल.

हे सगळे एकत्र करून तुमचा सारांश मी पुढीलप्रमाणे लिहिला आहे. तुमच्या पत्रात जे आहे तेवढेच त्यात गृहीत धरले आहे. जिथे मी तुमच्या नेमणुकीवरून अंदाज केला आहे तिथे तुम्ही खात्री करून घ्यावी आणि जे तुमच्या बाबतीत खरे नसेल ते खोडून टाकावे.

“स्टोअर व इन्व्हेंटरी सुपरवायझर. भारतीय सैन्यात 24 वर्षे सेवा, त्यांपैकी शेवटची 4 वर्षे शंभराहून अधिक जणांच्या तुकडीच्या स्टोअरची संपूर्ण जबाबदारी. कपडे, शिधा, निवासाचे सामान व उपकरणे अशा सुमारे 350 प्रकारच्या वस्तूंची मागणी, आवक-तपासणी, साठवण, वाटप व लेजर नोंद. हाताखाली दोन स्टोअर सहायक. मुदत व लॉटनुसार, जुना माल आधी, या पद्धतीने वाटप. नियंत्रित वस्तूंची रोजची मोजणी व स्वाक्षरीने देवघेव. लेखापरीक्षणासाठी नोंदी व प्रत्यक्ष साठा यांची जुळवणी. कार्यभार सोपवताना झालेल्या संयुक्त मोजणीत कोणतीही तूट नाही. त्यापूर्वी 10 ते 30 जणांच्या तुकड्यांचे नेतृत्व, ड्यूटीचे नियोजन व प्रशिक्षण. सोलापूर अथवा पुणे परिसरात कामाची तयारी.”

पहिले चार शब्द मुद्दाम पदाचे ठेवले आहेत. नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणारे शब्द टाकून उमेदवार शोधतात. ‘स्टोअर’, ‘इन्व्हेंटरी’, ‘वेअरहाउस’ असे शब्द टाकले जातात, ‘सीक्यूएमएच’ कोणी टाकत नाही. हाच सारांश इंग्रजीतही करून घ्यावा लागेल, पण आधी मराठीत पक्का करावा आणि मगच मुलाकडून इंग्रजीत उतरवून घ्यावा, म्हणजे मुलाखतीत प्रत्येक ओळीचा अर्थ तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. संकेतस्थळावर नावाखाली जी एक ओळ लिहायला सांगतात तिथेही ‘माजी सैनिक’ न लिहिता पदाचीच ओळ टाकावी. सैन्यातील सेवा पुढच्याच वाक्यात येते, त्यामुळे ती लपवली असा प्रश्न उद्भवत नाही.

‘गौरवशाली’, ‘शिस्तप्रिय’, ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’ हे चारही शब्द मी काढले आहेत. तुम्हाला कदाचित वाईट वाटेल, म्हणून कारण सांगते. हे शब्द शंभरांपैकी बहुतेक बायोडेटांत असतात आणि कोणाचेच तपासता येत नाहीत. तुमच्याकडे त्याच गोष्टीचा तपासता येणारा पुरावा आहे. चार वर्षांनी चार्ज देताना नवा सीक्यूएमएच आणि तुम्ही दोघांनी मिळून एकूण एक वस्तू मोजली आणि काही कमी निघाले नाही, हे वाक्य वाचल्यावर प्रामाणिक असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. डिस्चार्ज बुकवर चारित्र्याचा जो शेरा असतो, तो ‘एक्झेम्प्लरी’ असेल तर कागदपत्रांच्या यादीत त्याचा उल्लेख जरूर करावा, तो तुमच्या वरिष्ठांनी दिलेला शेरा आहे.

‘कोणतीही योग्य जबाबदारी’ हे वाक्य काढण्याचे कारण वेगळे आहे. सैन्यात मिळेल ती जबाबदारी पार पाडणे हा गुण आहे, आणि तो तुमच्या अंगात मुरलेला आहे हे मला समजते. पण कंपनीत प्रत्येक जागेसाठी वेगळा माणूस शोधणारी वेगळी व्यक्ती असते आणि तिला आपली एकच जागा भरायची असते. ‘काहीही चालेल’ असे लिहिणाऱ्याला ती दुसऱ्या विभागाकडे ढकलते, तो विभाग तिसऱ्याकडे, आणि शेवटी कागद गेटवर येतो. तुम्हाला स्टोअरखेरीज प्रशासन किंवा इमारत-देखभालीच्या कामातही रस असेल, तर दुसरा सारांश करावा, ज्यात निवासाचे सामान, साफसफाई, पाणी, जेवणाची व्यवस्था आणि ड्यूटीचे नियोजन वर येईल आणि लेजर खाली जाईल. माहिती तीच, क्रम निराळा. मात्र एका अर्जाला एकच सारांश जोडावा, दोन्ही एकत्र करू नयेत.

पदाच्या पातळीबद्दलही मोकळेपणाने सांगते. तुम्ही स्टोअर मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करावा, असे मला सध्या वाटत नाही. मॅनेजरला खरेदीचे दर ठरवणे, पुरवठादारांशी वाटाघाटी, वार्षिक अंदाजपत्रक आणि संगणकावरील ईआरपी प्रणाली सांभाळावी लागते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी सैन्यातील कंपनीच्या पातळीवरच्या सीक्यूएमएचच्या कामात येत नव्हत्या. सुपरवायझर, सीनियर स्टोअरकीपर किंवा गोडाऊन इनचार्ज ही जागा तुमच्या खऱ्या अनुभवाशी जुळते, आणि तिथून वर्ष-दोन वर्षांत खरेदीचे काम हाताखालून गेले की वरची वाट उघडते. साखर कारखान्यांत गोडाऊनची आणि सुट्या भागांच्या स्टोअरची अशा दोन स्वतंत्र जागा असतात. गाळप थांबल्यावर यंत्रांच्या दुरुस्तीचा काळ सुरू होतो, तेव्हा सुट्या भागांचे स्टोअर सर्वांत जास्त धावपळीत असते आणि त्यात हात बसलेला माणूस त्यांना हवा असतो. तुमचा तालुका त्या पट्ट्याजवळ आहे, तिकडेही पाहावे.

सारांशात मी एक्सेल, जीएसटी किंवा ई-वे बिल यांचा उल्लेख केलेला नाही, कारण तुमच्या पत्रात तो नाही. पण हे तीन विषय तुम्हाला विचारले जातीलच. माल रस्त्याने पाठवताना ठरावीक किमतीच्या वर ई-वे बिल लागते, चलनावर जीएसटी क्रमांक आणि मालाच्या वर्गीकरणाचा एचएसएन कोड असतो, आणि साठ्याचा तक्ता एक्सेलमध्ये मागतात. सोलापुरात एखाद्या ओळखीच्या वाहतूकदाराच्या किंवा कापड व्यापाऱ्याच्या कार्यालयात काही दिवस बसून ही कागदपत्रे प्रत्यक्ष भरताना पाहिली, तर कोर्सपेक्षा जास्त समजेल. ते समजल्यावरच ती ओळ सारांशात वाढवावी. पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, जे रिसेटलमेंट कोर्स असतात त्यांपैकी एखादा गोडाऊन किंवा साठा व्यवस्थापनाचा कोर्स तुम्ही सेवेच्या शेवटी केला असेल, तर त्याचे नाव सारांशाच्या शेवटी जरूर लिहावे. बरेच जण तो करतात आणि बायोडेटात लिहायला विसरतात.

मुलाखतीत सारांशातील ‘तूट नाही’ या वाक्यावर नक्की प्रश्न येईल, म्हणून त्याची तयारी आधीच करावी. स्टोअरप्रमुख विचारील: मोजणीत बारा कांबळी कमी निघाली तर काय कराल? इथे ‘सर, असे कधी झालेच नाही’ हे उत्तर सर्वांत वाईट ठरते, कारण ज्याने खरोखर स्टोअर सांभाळले आहे त्याला हे माहीत असते की महिन्याच्या मोजणीत फरक निघतोच. तुम्ही प्रत्यक्षात जे करत होता तेच क्रमाने सांगावे: आधी देवघेव थांबवली, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतले, मग मागच्या मोजणीपासूनची व्हाउचर काढून कोणते इश्यू व्हाउचर लेजरला चढवायचे राहिले ते पाहिले, धुण्यासाठी किंवा दुसऱ्या तुकडीला तात्पुरते दिलेले सामान सहीवरून शोधले, आणि त्यानंतरही फरक उरला तर वरिष्ठांना लेखी कळवले, स्वतःहून वहीत खाडाखोड केली नाही. शेवटचा भाग स्पष्टपणे सांगावा. कारखान्यातला स्टोअरप्रमुख नेमका तेवढ्यासाठीच प्रश्न विचारत असतो, कारण फरक निघाल्यावर संगणकातला आकडा गुपचूप बदलणारा माणूस त्याला नको असतो. सांगताना ‘सीएचएम साहेबांना रिपोर्ट केला, मग बोर्ड बसला’ असे न म्हणता ‘वरिष्ठांना लेखी कळवले, मग चौकशी समितीने तपासले’ असे म्हणावे. एवढा बदल बोलण्यातही सवयीने आणावा लागेल, आणि त्यासाठी घरी कोणाला तरी समोर बसवून मोठ्याने बोलून पाहावे.

सारांश तयार झाला की तो सैन्यातल्या मित्राला दाखवू नका, त्याला सगळे कळेल आणि तो चांगला म्हणेल. सैन्याशी कसलाही संबंध नसलेल्या, एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात हिशोबाचे काम करणाऱ्या माणसाला तो अर्धा मिनिट वाचायला द्यावा, मग कागद काढून घ्यावा आणि दोनच प्रश्न विचारावेत: हा माणूस काय काम करतो आणि त्याच्या ताब्यात किती सामान होते? पहिल्याला ‘स्टोअर’ आणि दुसऱ्याला ‘तीनशे-साडेतीनशे प्रकार’ असे उत्तर आले तर सारांश पाठवायला हरकत नाही. ‘फौजी होता’ एवढेच उत्तर आले, तर पहिले वाक्य अजून पुरेसे स्पष्ट नाही.

नवा सारांश लावून दहा-बारा ठिकाणी अर्ज केल्यावर कोणते फोन येतात याची नोंद ठेवावी. फोन आलेच नाहीत, तर बहुधा पद किंवा गावाचा मेळ बसत नाही. त्या वेळी जाहिरातीतील पदाचे नाव जसेच्या तसे पहिल्या ओळीत वापरून पाहावे, म्हणजे ‘गोडाऊन इनचार्ज’ची जाहिरात असेल तर सारांशही ‘गोडाऊन इनचार्ज’नेच सुरू व्हावा. पुन्हा सिक्युरिटीचेच फोन आले, तर संकेतस्थळावरची जुनी नोंद अजून तशीच असण्याची शक्यता जास्त आहे. तिथे कामाचा प्रकार म्हणून मुलाने ‘सुरक्षा’ निवडले आहे का ते तपासून बदलावे. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमची नोंदणी असेलच, तिथेही जाऊन नोंदीतील इच्छित कामाच्या जागी ‘स्टोअर’ लिहून घ्यावे आणि नव्या सारांशाची एक प्रत फाईलला लावून यावी.